टीए-लिब आणि हातचा कोड: सुरुवातीचे आकडे का जुळत नाहीत? अनुभव लिहा

हाताने ईएमए लिहिला आणि टीए-लिबच्या शेजारी ठेवला. वरच्या ओळींत फरक, खाली जाता जाता तो विरतो. चूक माझी की त्यांची? तुम्हाला हे कुठे कुठे भेटलं?

खटपट्या: कोणाचीच नाही. ईएमएला कालचा ईएमए लागतो, आणि पहिल्या दिवशी काल नसतोच. मी एकदा कागदावर तीनचा ईएमए मांडला. भाव 10, 11, 15, 14, 16. टीए-लिब पहिल्या दोन ओळी `NaN` ठेवतं आणि तिसरीत तिन्ही भावांची साधी सरासरी घालतं, 12. पुढे 13, 14.5. माझी ओळ अशी होती:

```python
s.ewm(span=3, adjust=False).mean()
```

ही पहिला भावच ईएमए धरते, म्हणून 10, 10.5, 12.75, 13.375, 14.6875. तिसऱ्या ओळीपासून फरक बघा: 0.75, 0.375, 0.1875. दर ओळीला निम्मा.

घाईगडबड: एवढं कशाला? पहिल्या 50 ओळी फेका, सगळं जुळतं.

खटपट्या: तीनच्या ईएमएला 50 म्हणजे चैन. 200च्या ईएमएत मात्र फरक निम्मा व्हायलाच साधारण 70 ओळी जातात. आणि बोलिंजर कधीच जुळणार नाही. टीए-लिब `ddof=0` धरतं, पँडासचं `std()` आपणहून `ddof=1`. तिथे सुरुवातीचा काही संबंध नाही.

नवखा: माझं तर `pip install`च फसतंय. कोणाकडे उपाय?

घाईगडबड: तो वेगळा रडगाणं-धागा होईल. आधी सी लायब्ररी बसवली का, ते बघ.

रात्रपाळी: माझ्याकडे दोन्हीकडे टीए-लिबच होतं, तरी गंडलं. बॅकटेस्टला तीन वर्षांचा डेटा, लाइव्हला दर वेळी शेवटच्या 30 कँडल. त्याच मिनिटाचा आरएसआय एकीकडे 29, दुसरीकडे 33. सौदा बॅकटेस्टमध्ये दिसायचा, लाइव्हमध्ये नाही. दोन दिवस टाइमझोनवर संशय घेतला! 30 कँडल दिल्या की 14चा आरएसआय पंधराव्या ओळीला जन्मतो, आणि त्या जन्माचा डाग शेवटच्या ओळीपर्यंत बराच शिल्लक असतो. आता 250 मागवतो.

धागाकर्ती: माझा आरएसआय 900व्या ओळीलाही वेगळाच येतोय.

खटपट्या: `span=14` लिहिलंय ना? वाइल्डरचं स्मूदिंग `alpha=1/14` आहे. `span=14` म्हणजे 2/15, जवळजवळ दुप्पट. फरक कमी होत नसेल तर सुरुवातीला दोष देऊ नका, सूत्र तपासा.

धागाकर्ती: हो, `span`च होतं. बदललं, खाली जुळलं. पण एमएसीडी? माझे दोन्ही ईएमए आता टीए-लिबच्या ईएमएशी पहिल्या ओळीपासून जुळतात, तरी वजाबाकी सुरुवातीला वेगळी.

खटपट्या: एमएसीडीच्या आत 12चा ईएमए बाराव्या ओळीला सुरू होत नाही. तो 26च्या सोबत सव्विसाव्या ओळीला सुरू करतात, पंधरा ते सव्वीस या ओळींच्या सरासरीने. असं का, याचं पटेल असं कारण मला सापडलेलं नाही.

रात्रपाळी: `talib.set_unstable_period("EMA", 100)` करून बघितलं. तेवढ्या ओळी फक्त `NaN` होतात, उरलेले आकडे होते तेच.