तीन डॉक्टर आणि शनिवार-रविवारची पाळी: अखंड की विभागून?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): आम्ही तिघे डॉक्टर एक छोटा दवाखाना चालवतो. शनिवारी दुपारी २ पासून सोमवारी सकाळी ८ पर्यंत एकानेच थांबावे, की शनिवार एकाने आणि रविवार दुसऱ्याने घ्यावा? गावातच राहणारे आमचे सहकारी म्हणतात की पाळी कोणाचीही असो, रात्री लोक त्यांचेच दार वाजवतात.

वर्ध्याकडील ज्येष्ठ डॉक्टर: पाळी अखंड ठेवावी. हे ४२ तास आहेत आणि तीन आठवड्यांत प्रत्येकाच्या वाट्याला, अखंड असो वा विभागून, सरासरी तेवढेच येतात. फरक सुटीत पडतो. अखंड पाळीत तिनांपैकी दोन शनिवार-रविवार पूर्ण मोकळे मिळतात. विभागली की दर आठवड्याला दोघे अडकतात आणि प्रत्येकाला एकच पूर्ण सुटी उरते. घर नागपूरला असलेल्या माणसासाठी अर्धी सुटी प्रवासातच जाते. मात्र सोमवारची ओपीडी इतर दोघांनीच सांभाळायला हवी.

गडचिरोलीतील वैद्यकीय अधिकारी: हा हिशेब उन्हाळ्यात चालेल, पावसाळ्यात नाही. शनिवारी रात्री घोणस चावलेला रुग्ण आला, तर २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करून प्रतिविष द्यायचे, सहा तासांनी चाचणी पुन्हा करायची आणि रक्त गोठत नसेल तर मात्रा पुन्हा द्यायची; फवारणीतून विषबाधा झालेला शेतकरी आला, तर सुरुवातीला दर काही मिनिटांनी छाती तपासत ॲट्रोपिन वाढवत न्यावे लागते. अशी रात्र जागून काढलेल्या डॉक्टरने रविवारचा दिवस आणि पुढची रात्रही रुग्ण पाहावेत, हे मला धोक्याचे वाटते. जून ते ऑक्टोबर पाळी विभागलीच पाहिजे, सुटी कमी झाली तरी.

भंडाऱ्याची परिचारिका: आमच्याकडे रविवारच्या कामाला जादा पैसे द्यायला लागल्यावर तक्रारी थांबल्या. तुम्हीही तेच करावे.

वर्ध्याकडील ज्येष्ठ डॉक्टर: पैशाने नाराजी कमी होईल, पण तिघांपैकी दोघांनी पैसे घ्यायचे ठरवले तर थकवा त्या दोघांवरच साचेल. पावसाळ्याचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. तरीही सरसकट विभागणीऐवजी मी दुसऱ्याला राखीव ठेवीन: पाळीवरच्या डॉक्टरची शनिवारची रात्र जागरणात गेली, तर राखीव डॉक्टरने रविवारी सकाळी ८ वाजता येऊन पाळी घ्यावी आणि पुढच्या आठवड्यांत तेवढे तास त्याला परत मिळावेत. गावातल्या सहकाऱ्यांसाठी पाळीवरच्या डॉक्टरने रात्री दवाखान्यातच मुक्काम करावा आणि त्याचा फोन नंबर दारावर लावावा. तरीही कोणी सहकाऱ्यांना उठवले, तर ती रात्र वहीत लिहून त्यांच्या पुढच्या पाळीतून वजा करावी.

गडचिरोलीतील वैद्यकीय अधिकारी: राखीव माणूस नागपूरला गेलेला असेल तर सकाळी ८ ला येणार कसा? ज्याला राखीव म्हणता, तोही प्रत्यक्षात अडकलेलाच असतो.

प्रश्नकर्ते: वहीची सूचना आम्ही याच महिन्यात लागू करू. राखीव माणसाबद्दल आमच्यातच एकमत नाही, कारण दोघांची घरे नागपूरला आहेत आणि तिसरे तेच, ज्यांचे दार रात्री वाजते.