‘बल्ज’ आणि ‘डीजनरेशन’ : ‘झीज’ म्हणावं की आणखी काही?

नीरजा
माझा धाकटा भाऊ ४६ वर्षांचा आहे. चाकण ते नाशिक टेम्पो चालवतो. तीन आठवडे कंबर धरली म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टात तीन गोष्टी आहेत: कमरेच्या खालच्या दोन गाद्यांना, म्हणजे एल४-एल५ आणि एल५-एस१ला, ‘डिस्क डेसिकेशन’, एल४-एल५ला ‘डिफ्यूज डिस्क बल्ज इंडेंटिंग द थीकल सॅक’, आणि शेवटी ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’. कुणीतरी त्याला मराठीत सांगितलं, “मणक्याची झीज झालीय, गादी सरकलीय.” त्या दिवसापासून तो वाकतच नाही. परवा त्याच्या मुलीने चपलेचा बंद लावायला पाय पुढे केला, तर हा नुसता उभा राहिला. मला या शब्दांचे नेमके मराठी अर्थ हवेत, त्याला समजतील असे.

अवधूत
डीजनरेशनला ‘ऱ्हास’ हा चांगला प्रतिशब्द आहे. जंगलांचा ऱ्हास, मूल्यांचा ऱ्हास म्हणतो तसा. ‘अपक्षय’ही चालेल.

नीरजा
अवधूत, पाठ्यपुस्तकासाठी नकोय हो. ‘तुझ्या कमरेचा ऱ्हास झालाय’ असं सांगितलं तर तो उद्यापासून अंथरुणातूनच उठणार नाही.

गणेश के.
टायरचं उदाहरण द्या, ड्रायव्हर आहे ना. हवा कमी झाली की टायर खाली बाजूंनी फुगतो. गादीतलं पाणी कमी झालं की तीही तशीच कडेने फुगते, तो बल्ज. ती नसेवर दाबली जाते म्हणून दुखतं. म्हणजे वजन उचलणं बंद, नाहीतर टायर फुटायचा.

सुहास (निवृत्त रेडिओलॉजिस्ट)
गणेश, टायरचा पहिला अर्धा भाग मला फार आवडला, तो घेतो. दुसरा अर्धा मात्र खरा नाही, आणि नीरजाच्या भावाला भीती नेमकी त्याच अर्ध्याची बसली आहे.

आधी ‘गादी सरकली’. गादी वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट बांधलेली असते, ती सरकत नाही. ‘डिफ्यूज बल्ज’ म्हणजे तिची कड बऱ्याच मोठ्या घेरात, पाव घेराहून जास्त, थोडी बाहेर आली आहे. एकाच जागी टोक बाहेर आलं तर आम्ही ‘प्रोट्रूजन’ किंवा ‘एक्स्ट्रूजन’ लिहितो, आणि त्यालाच हर्निएशन म्हणतात. बल्ज त्यात धरत नाहीत. फुटण्याच्या आधीची पायरी म्हणून तो शब्द आम्ही वापरत नाही.

आता ‘इंडेंटिंग’. गादीच्या मागे पाण्याने भरलेली पिशवी असते, तीच ‘थीकल सॅक’, आणि त्या पाण्यात नसा सुट्या तरंगत असतात. गादीची कड पिशवीला टेकून थोडा खळगा पडला की आम्ही हा शब्द लिहितो. नस दाबली गेली असेल तर सहसा त्या नसेचं नाव घालून वेगळं लिहितो. ‘टेकणे’ आणि ‘दाबणे’ हा फरक मराठीत सहज सांगता येतो, पण रिपोर्ट सांगताना दोन्हींना सर्रास ‘नस दबली’ म्हणतात.

वैजयंती
मला मात्र खरंच दबली होती. एल५-एस१ला एक्स्ट्रूजन. डाव्या कुल्ल्यापासून पोटरीतून करंगळीपर्यंत कळ जायची, शिंकलं तरी वीज चमकल्यासारखं व्हायचं. ऑपरेशनची तारीख ठरवणार होते, पण कळ कमी होत गेली. सात महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला तर बाहेर आलेला तुकडा जवळजवळ गायब! तेव्हा नीरजा, धीर धरा, त्याचाही बल्ज आत जाईल.

सुहास
वैजयंतीताई, तुमचं झालं ते नेहमी घडतं. बाहेर निसटलेला तुकडा शरीराला परका वाटतो आणि पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. मोठे तुकडे उलट जास्त विरतात. साधा बल्ज मात्र बहुधा तसाच राहतो. म्हणून त्याची वाट बघू नये. कंबर बरी होईल आणि पुढच्या स्कॅनमध्ये बल्ज तिथेच दिसेल.

नीरजा, दोन गोष्टी सांगा. कळ गुडघ्याखाली उतरते का? टाचांवर आणि चवड्यांवर चालता येतं का?

नीरजा
कळ कमरेतच आहे, फार तर कुल्ल्यापर्यंत. दोन्ही प्रकारे चालला. पायाचा अंगठाही जोर लावून वर उचलतो.

सुहास
मग नस दबल्याची खूण दिसत नाही. त्याच्या डॉक्टरांनी एकदा हात लावून तपासावं, हे आहेच. लघवी अडकली, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडू लागलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तेव्हा वाट बघत बसायचं नाही.

बाकी रिपोर्टाबद्दल एक आकडा त्याला सांगा. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून, कंबर अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून जास्त माणसांचे स्कॅन पाहिले गेले. चाळिशीच्या माणसांत साधारण ६८ टक्क्यांना डीजनरेशन होतं आणि ५० टक्क्यांना बल्ज. पन्नाशीत हेच ८० आणि ६०. म्हणजे त्याच्या वयाच्या दहा ठणठणीत ड्रायव्हरांना मशीनमध्ये घातलं तर निम्म्यांच्या रिपोर्टात हेच शब्द येतील.

गणेश के.
पण झीज तर वापरानेच होते ना? वीस वर्षं टेम्पोचे धक्के खाल्लेत.

सुहास
इथेच ‘झीज’ हा शब्द घात करतो. उंबरठा झिजतो, चप्पल झिजते, सहाण झिजते. म्हणजे जितकं वापराल तितकं कमी होईल. मग माणूस वापरच बंद करतो. फिनलंडमध्ये जुळ्या भावांचा अभ्यास झाला. एक भाऊ आयुष्यभर ड्रायव्हर, दुसरा नाही. गाद्यांमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. वय आणि आईबापांकडून आलेला पिंड यांचा वाटा कितीतरी मोठा निघाला. ड्रायव्हिंगने कंबर दुखत नाही असं मी म्हणत नाही. तासन्तास एका बैठकीत राहिलं की दुखतेच. पण ते दुखणं आणि स्कॅनवरची काळी गादी या वेगळ्या गोष्टी आहेत.

मंदा कुलकर्णी
मग ‘जून होणे’ का नाही म्हणत? भेंडी जून होते म्हणजे तिच्यातलं पाणी, कोवळेपण जातं आणि धागे वाढतात. ती कुणी वापरून झिजवत नाही. गादीचंही तसंच होतं ना?

सुहास
मंदाताई, तंतोतंत तसंच. पाणी जातं आणि मधला मऊ गर धागेदार होतो. स्कॅनवर पाणी पांढरं दिसतं, ते कमी झालं की गादी काळी दिसते. ‘डेसिकेशन’ म्हणजे एवढंच.

अवधूत
जून भेंडी फेकून देतात. त्याला ते आवडेल का? ‘वयाने आलेला बदल’ जास्त सुरक्षित.

मंदा कुलकर्णी
जून खोबरं नाही फेकत कुणी. जून बांबू तर बांधकामाला मुद्दाम निवडून घेतात.

नीरजा
काल रात्री सगळं वाचून दाखवलं. टायर त्याला लगेच पटला. “पण माझा टायर कसा बदलणार?” असं विचारलं, तेव्हा बांबूचं सांगितलं. सुहासकाका, तो पट्टा दिवसरात्र बांधतो आणि जमिनीवर झोपतो. हे चालू ठेवू?

सुहास
जमिनीची गरज नाही. नेहमीची, फार मऊ नसलेली गादी चालेल. पट्टा वाटलं तर प्रवासापुरता, एरवी काढून ठेवा. पडून राहणं आजपासून बंद. घरात दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा चालू दे. थोडं दुखेल, पण दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त अवघडला नसेल तर ठीक चाललंय समजा. वाकायचंही आहे. आधी पाव बादली, जमली की अर्धी. टेम्पोवर परतल्यावर तासाभराने उतरून पाच मिनिटं पाय मोकळे करायचे. चाकण ते नाशिक एका बैठकीत नको.

नीरजा
आज चपलेचा बंद त्याने लावला. पायरीवर बसून, पण लावला. ‘जून’ की ‘वयाचा बदल’ ते तुम्ही ठरवा, आमच्या घरात सध्या ‘बांबू’ चाललंय. ‘डेसिकेशन’ला मात्र त्याने स्वतःच विचारलं: “सुकली म्हणायचं की वाळली?” मला सांगता आलं नाही.

मंदा कुलकर्णी
वाळलेलं पार कोरडं असतं. ‘सुकली’ म्हणा, सुकलेल्यात थोडा ओलावा उरतो.

अवधूत
सुकलेली मासळी?