जर्मनीत शिकताना तिथल्या फुटबॉल क्लबात शिरायचं कसं: अनुभव धागा

धागा काढणारा (शिवाजी पेठ):
कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर खेळलेली, केएसएकडे कुठल्या ना कुठल्या तालमीच्या नावाने नोंदणी असलेली बरीच पोरं आता मास्टर्ससाठी जर्मनीला जातात. तिकडे क्लबात खेळायचं तर काय लागतं, हा प्रश्न दर सप्टेंबरात येतो आणि उत्तरं दहा ग्रुपात विखुरतात. म्हणून हा धागा. जे तिकडे खेळतात किंवा खेळून आलेत त्यांनी लिहावं. 'मी असा गेलो, तसा गेलो' नको. ट्रायलला काय होतं, कागद कुठं अडतो, टीममधल्या रीती काय, भाषेचं काय, एवढंच नेमकं सांगा.

स्टुटगार्टचा लेफ्ट बॅक:
सुरुवात वेळापत्रकापासून करतो, कारण बहुतेकांचं गणित तिथंच चुकतं. आपला हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो, त्यांचा ऑगस्टमध्ये. तुम्ही विंटर सेमिस्टरला ऑक्टोबरात पोचता तेव्हा लीगचे सात-आठ सामने होऊन गेलेले असतात. डिसेंबरात थंडीची सुट्टी लागते आणि खालच्या लीग थेट मार्चच्या आसपास पुन्हा सुरू होतात.

समजा एखादा पोरगा ५ ऑक्टोबरला उतरला. पहिला आठवडा पत्ता नोंदवण्यात आणि बँकेत जातो. त्याच आठवड्यात त्याने fussball.de वर आपल्या भागातले क्लब बघायचे. तिथं प्रत्येक टीमची लीग, गुणतक्ता आणि सामन्याची वेळ दिसते. मग क्लबच्या वेबसाइटवरून त्या टीमच्या ट्रेनरला चार ओळींचा मेल करायचा: वय, पोझिशन, भारतात कुठल्या पातळीवर खेळलो, जर्मन किती येतं, आणि 'प्रोबेट्रेनिंगला, म्हणजे ट्रायलच्या सरावाला, येऊ का?' व्हिडिओ, सर्टिफिकेट, ट्रॉफीचे फोटो काही जोडू नका. क्राइसलीगाचा, म्हणजे खालच्या जिल्हा पातळीवरच्या लीगचा, ट्रेनर दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मैदानावर येतो, त्याला एवढंच हवं असतं.

ट्रेनिंग बहुतेक ठिकाणी आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी सातच्या सुमारास. दोन-तीनदा गेलं की ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उजाडतो. पसंत पडलात तर सभासदत्वाचा अर्ज आणि खेळाडू-नोंदणीचा अर्ज असे दोन वेगळे कागद भरायचे. दुसरा कागद वेळ खातो. भारतात एआयएफएफच्या सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीत, तुमचं नाव असेल तर जर्मन फेडरेशन दिल्लीला विचारणा करतं आणि आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट मागवतं. ते काही दिवसांतही येतं, कधी महिनाही जातो. म्हणजे खेळायची परवानगी हातात येईतो नोव्हेंबर संपत आलेला. लीगचा पहिला खरा सामना मार्चमध्ये, असंच धरून चला. मधल्या काळात हॉलमधल्या स्पर्धा आणि जानेवारीच्या शेवटी सुरू होणारी तयारी असते. टीममध्ये जागा मिळते ती खरं तर त्या तयारीत.

आखनवाला:
एवढं काही नसतं दादा. व्हिसा आणि सभासदत्व असलं की झालं. खालच्या लीगमध्ये कोण बघतंय सर्टिफिकेट? अर्जावर 'आधी कुठल्याच क्लबकडून खेळलो नाही' असं लिहायचं, महिना वाचतो.

स्टुटगार्टचा लेफ्ट बॅक:
भावा, हे कृपा करून कुणाला सांगू नकोस. सगळ्यात खालच्या लीगमध्येसुद्धा सामन्याआधी टीमची यादी ऑनलाइन भरावी लागते. नोंदणी नसलेला खेळाडू उतरवला तर सामन्याचे गुण जातात आणि दंड क्लबला पडतो. शिवाय त्या अर्जावर तुमची सही असते. खोटं पुढे उघडं पडलं तर अडकता तुम्ही आणि तुमच्यावर विश्वास टाकणारा क्लब. ज्याची खरंच कधी नोंदणी झाली नाही त्याने तसं लिहावं, त्यात काही गैर नाही. तरीही फेडरेशन भारतात विचारणा करू शकतं, तेवढा वेळ धरून चालावा.

महिना वाचवायचाच असेल तर निघण्याआधी इथं कोल्हापुरात दोन कामं करा. सीआरएसवरचं तुमचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळवून बघा. आपल्याकडे घोळ वडिलांच्या नावाचा होतो. सीआरएसवर 'नाव-वडिलांचं नाव-आडनाव' असतं, पासपोर्टात कधी वडिलांचं नाव नसतंच, कधी ते दिलेल्या नावातच जोडलेलं असतं. मग शोधलं तरी माणूस सापडत नाही आणि कागद परत फिरतो. दुसरं, क्लबच्या सेक्रेटरींना सांगून निघा आणि क्लबचं नाव इंग्रजीत नेमकं कसं नोंदलंय ते लिहून घ्या. जर्मन अर्जात शेवटच्या क्लबचं नाव विचारतात. तिथं कुणी 'पीटीएम' लिहिलं तर समोरच्याला काही कळत नाही, 'पाटाकडील तालीम मंडळ' हे पूर्ण नावच लागतं.

आखनवाला:
बरं, यादीचं मान्य. आमच्याकडे एक पोरगा फ्रेंडली मॅच खेळला होता, म्हणून वाटलं.

स्टुटगार्टचा लेफ्ट बॅक:
मैत्रीपूर्ण सामन्याला पाहुणा खेळाडू म्हणून वेगळी परवानगी काढता येते. ती क्लबने काढायची असते आणि लीगला ती चालत नाही.

कसबा बावडा:
माझा पुतण्या सतरा वर्षांचा आहे. गेम चांगला आहे. एक जण म्हणतो जर्मनीत क्लबची ट्रायल करून देतो, पैसे आधी भरायचे. बारावीनंतर पाठवायचा विचार आहे. अशा ट्रायलचा साधारण दर काय असतो?

मिडफिल्ड ताई (कोलोन):
काका, हा धागा शिकायला जाऊन हौसेने खेळणाऱ्यांचा आहे, पण तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून सांगते. गावातल्या क्लबची प्रोबेट्रेनिंग फुकट असते. तिला दर नाहीच, त्यामुळे तिचे पैसे मागणाऱ्यापासून लांबच राहा. आणि फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी काही मोजके अपवाद सोडले तर होत नाही. पुतण्याला अठरा पूर्ण होऊ द्यात. शिक्षणाचा प्रवेश त्याच्या मार्कांवर मिळू दे, खेळ तिथं गेल्यावर सुरू करता येतो.

आता मुलींसाठी थोडं. महिलांच्या टीम कमी असतात. दोन-तीन गावांचे क्लब मिळून एक टीम काढतात, तिच्या नावाआधी SG असतं. त्यामुळे ट्रेनिंग कधी या गावात, कधी त्या गावात. अर्ज भरण्याआधी रात्री साडेनऊनंतर परतीची बस आहे का ते बघा. टीममधल्या मुली गाडीतून सोडतात, पण ते पहिल्याच दिवशी विचारून ठरवलेलं बरं. खालच्या लीगमध्ये नऊ-नऊ जणींचे सामनेही असतात, त्यात मिडफिल्डला धावणं जास्त पडतं.

हॅनोवर २:
ट्रायलबद्दल लिहितो. 'निवड' हा शब्द डोक्यातून काढा. एका क्लबच्या पुरुषांच्या दोन-तीन टीम असतात आणि प्रोबेट्रेनिंगमध्ये बघतात ते तुम्ही कुठल्या टीममध्ये बसता हे. नाही म्हणायचं असलं तरी 'तिसऱ्या टीमबरोबर ये' असंच म्हणतात. आपल्या पोरांना ते अपमानासारखं वाटतं आणि ती परत जात नाहीत. जावं. तिसऱ्या टीममधून दुसऱ्या टीममध्ये माणसं हंगामाच्या मध्येही घेतात, कारण रविवारी कुणीतरी कमी पडतंच.

मैदानावर क्रम साधारण ठरलेला: वॉर्म-अप, पाच विरुद्ध दोन, पासिंग, मग छोट्या गोलांवर खेळ. पाच विरुद्ध दोनमध्येच निम्मं मत बनतं. आपण कडक लाल मातीवर वाढलेलो, चेंडू उसळणार हे धरून अंगावर घ्यायची सवय. ओल्या कृत्रिम गवतावर चेंडू उसळत नाही, सरकत येतो, आणि पहिला टच दोन मीटर लांब जातो. दोन टचमध्ये सोडायचं, लगेच जागा बदलायची. दोघा-तिघांना चकवून पुढे गेलात तर टाळी मिळेल, पण चेंडू गेल्यावर तुम्ही मागे पळालात की नाही हे ट्रेनर लक्षात ठेवतो.

बूट: कृत्रिम गवतासाठी AG किंवा TF सोल घ्या. लोखंडी स्टड तिथं चालत नाहीत. शिनगार्ड ट्रेनिंगलाही ठेवा.

मिडफिल्ड ताई (कोलोन):
एक जोडते. प्रोबेट्रेनिंगला तुम्ही अजून सभासद नसता, त्यामुळे क्लबचा विमा लागू होईलच असं नाही. आरोग्य विमा सुरू झाल्याशिवाय मैदानात उतरू नका.

ड्रेसिंग रूम (न्युरेंबर्ग):
रीतींबद्दल. ड्रेसिंग रूममध्ये शिरल्यावर एकेकाशी हात मिळवायचा, सगळ्यांशी, नवख्याने तर नक्कीच. सातची ट्रेनिंग म्हणजे सात वाजता बूट बांधून मैदानात. येणार नसाल तर ग्रुपवर आधी कळवायचं, कारण न देता चालेल, पण न कळवता गैरहजर राहणं कुणी विसरत नाही. टीमचा एक गल्ला असतो आणि दंडाची यादी भिंतीवर: उशीर, मीटिंगमध्ये फोन वाजला, बूट विसरला. दोन-पाच युरोंचे दंड. वाद न घालता भरायचे, हंगामाच्या शेवटी त्यातूनच टीमची सहल निघते.

पहिल्या सामन्यानंतर नव्याने बिअरचा क्रेट आणायचा अशी बऱ्याच टीममध्ये पद्धत आहे. न पिणाऱ्याने श्पेत्सीचा, म्हणजे कोला-संत्र्याच्या सरबताचा, क्रेट आणला तरी तितकंच कौतुक होतं. न पिता अर्धा तास सगळ्यांबरोबर बसा. सामना संपल्यावर बॅग उचलून थेट निघणारा माणूस मात्र बाहेरचाच राहतो.

सभासदाला कामही असतं. घरच्या सामन्याला सॉसेजच्या स्टॉलवर उभं राहणं, मैदान झाडणं. काही क्लबात वर्षाचे तास ठरलेले असतात, नाही केले तर पैसे कापतात. अर्जाच्या मागच्या पानावर ते लिहिलेलं असतं. सभासदत्व सोडण्याची मुदतही तिथंच. बहुतेक ठिकाणी सहामाही किंवा वर्षाअखेरीला लेखी कळवावं लागतं, नाहीतर तुम्ही कोल्हापुरात परत आलात तरी खात्यातून वर्गणी जात राहते.

राजारामपुरी ७वी गल्ली:
मला फक्त ए१ येतं. इंग्रजीवर भागेल का?

हॅनोवर २:
मोठ्या विद्यापीठाच्या शहरात ट्रायलपुरतं भागतं. खेळताना ओरडतात ते जर्मनमध्येच, आणि तेवढे शब्द आठवड्यात होतात. 'हिंटरमान' म्हणजे मागून माणूस येतोय, वळू नको. 'त्साइट' म्हणजे वेळ आहे. 'क्लाच' म्हणजे एका टचमध्ये परत दे. 'लिओ' ओरडलं की चेंडू ओरडणाऱ्याचा, तुम्ही बाजूला व्हायचं. 'शीबेन' म्हणजे सगळी फळी चेंडूच्या बाजूला सरकायची. हे ऐकायलाच नाही, ओरडायलाही शिका. गप्प बचावपटूवर कुणी भरवसा टाकत नाही. ट्रेनरला अरे-तुरेचं 'डू'च म्हणायचं, आदराचं 'झी' नाही.

ड्रेसिंग रूम (न्युरेंबर्ग):
माझं मत थोडं वेगळं. मैदानातली भाषा सोपी, अवघड ती ड्रेसिंग रूममधली, कारण तिथं बोली चालते. न्युरेंबर्गकडे तर बी१ झालेल्यालाही पहिले महिने विनोद कळत नाहीत. गावातल्या क्लबात जर्मन लवकर येतं, शहरातल्या आंतरराष्ट्रीय पोरांच्या टीममध्ये सोय होते पण जर्मन येत नाही. कुठलं निवडायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

हॅनोवर २:
पहिल्या सेमिस्टरला अभ्यास झेपतोय का हेच माहीत नसतं, तेव्हा गावातला क्लब मी तरी सुचवणार नाही. युनिव्हर्सिटीच्या खेळ-वर्गातून सुरुवात करा, त्याला ट्रान्सफर सर्टिफिकेट लागत नाही.

लीड्सकर:
जर्मनीचं माहीत नाही, पण ब्रिटनला जाणाऱ्यांनी हे वाचून तसंच करू नये. तिकडे स्टुडंट व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळायला बंदी आहे आणि 'व्यावसायिक'ची व्याख्या फार रुंद आहे. मागच्या दोन वर्षांत राज्याकडून, अगदी १७ वर्षांखालच्या गटातही, खेळलेला माणूस पैसे न घेता त्यात येऊ शकतो. पदवी किंवा वरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना हौशी खेळासाठी सवलत आहे, पण ती तुम्हाला लागू होते का हे विद्यापीठाच्या व्हिसा कक्षाकडून लेखी घ्या, क्लबच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

धागा काढणारा (शिवाजी पेठ):
राज्याच्या टीमकडून खेळलेले आपल्याकडे बरेच आहेत, त्यांनी हे बघाच. लेफ्ट बॅकदादा, सीआरएसवर नाव चुकलं असेल तर दुरुस्ती कोण करतं?

स्टुटगार्टचा लेफ्ट बॅक:
ज्या क्लबने नोंदणी केली त्याच्याच लॉगिनपासून सुरुवात करायची. म्हणून म्हणतो, जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढा. केएसएचा हंगाम सुरू झाला की सेक्रेटरी मंडळींना श्वास घ्यायला फुरसत नसते.