दहा लाख, पाच पावत्या: आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

फोंडा, गोवा, सोसायटी ग्रुप. शनिवार संध्याकाळ

बी-३०२: नमस्कार. सासू-सासऱ्यांचे १० लाख एफडीत ठेवायचे आहेत. दोघंही सत्तरीच्या आसपास. बँकेतला माणूस म्हणतो, एकच पाच वर्षांची करा, कटकट नको. पण मध्येच पैसे लागले तर? ए-१०१ काका, तुम्ही बँकेत होता म्हणून विचारते.

ए-१०१: एकच मोठी पावती करू नका. १० लाखांचे पाच भाग करा, प्रत्येकी २ लाख. एक भाग १ वर्षाला, दुसरा २ वर्षांना, मग ३, ४ आणि ५. पाचही आजच करायच्या. पुढच्या वर्षी पहिली पावती भरली, म्हणजे तिची मुदत संपली, की ती पुन्हा एका वर्षाला नाही, थेट ५ वर्षांना टाकायची. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी, तीही ५ वर्षांना. चार वर्षांनी स्थिती अशी होते की पाचही पावत्या ५ वर्षांच्या, आणि तरी दर वर्षी एक हातात येतेच. याला शिडी म्हणतात.

बी-१०३: काका, पण हल्ली ५ वर्षांचा दर ३ वर्षांपेक्षा कमी असतो. मग लांबच्या पायऱ्या कशाला? सगळे ३ वर्षांना टाकून मोकळं व्हायचं.

ए-१०१: प्रश्न बरोबर आहे. जास्त मुदत म्हणजे जास्त व्याज, हे आपल्याकडच्या बँकांत बऱ्याचदा खरं नसतं. चढा दर एक ते तीन वर्षांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि ४४४ दिवसांसारख्या खास योजना तिथेच येतात. हिशेबापुरते दर धरा: ९ महिन्यांना ६ टक्के, १ वर्षाला ६.५, २ आणि ३ वर्षांना ६.७५, ४ आणि ५ वर्षांना परत ६.५. यात ५ वर्षांची पावती केली तर ३ वर्षांच्या तुलनेत पाव टक्का सोडायचा. २ लाखांवर पाव टक्का म्हणजे वर्षाला ५०० रुपये.

त्या ५०० रुपयांत काय मिळतं ते बघा. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो रेपो दर फेब्रुवारी २०२५ च्या आधी ६.५० होता, त्याच वर्षाच्या डिसेंबरात ५.२५ झाला. एफडीचे दरही त्याच्यामागून उतरले. सगळे १० लाख ३ वर्षांना टाकून नेमके अशा वर्षाअखेरी हातात आले असते, तर सगळ्याच रकमेला खालचा दर. शिडीत एका वर्षी फक्त पाचवा हिस्सा त्या दिवसाच्या दरात सापडतो. दर चढले तर उलटा फायदा, तोही पाचव्या हिश्श्यालाच.

बी-१०३: आणि फरक पाव टक्क्यापेक्षा जास्त असेल तर?

ए-१०१: माझं मत, अर्ध्या टक्क्याच्या वर गेला तर शिडी तीन पायऱ्यांची करा, १-२-३ वर्षांची. पाचच पायऱ्या हव्यात असा काही नियम नाही.

खजिनदार: मोडण्याचा हिशेब पण सांगा काका. लोक तिथेच फसतात. सगळ्यांना वाटतं एक टक्का दंड, म्हणजे ६.५ चे ५.५ मिळणार.

ए-१०१: हो, आणि तसं होत नाही. मुदतीआधी मोडली की बँक आधी बघते, पावती प्रत्यक्षात किती दिवस चालली. तेवढ्या दिवसांचा दर, पावती काढली त्या दिवशीचा, तो घेते आणि त्यातून दंड वजा करते. दंड बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का. म्हणजे ५ वर्षांची पावती ९ महिन्यांनी मोडली तर ६ वजा १, हातात ५ टक्के.

आता बी-३०२ वहिनींचा प्रश्न. समजा, नऊ महिन्यांनी दीड लाख लागले. १० लाखांची एकच पावती असेल तर ती पूर्ण मोडते. ६.५ ने ४८,७५० व्याज झालं असतं, ५ ने ३७,५०० मिळतं. ११,२५० गेले. शिडी असेल तर २ लाखांची एकच पायरी मोडायची, आणि नुकसान २,२५०. उरलेले ८ लाख आपले चालू.

काही बँका मोठ्या पावतीतून थोडी रक्कम काढू देतात, पण सगळ्या नाही. त्यापेक्षा मी २ लाखांच्या सुद्धा लाख-लाखाच्या दोन पावत्या करीन. ७० हजार हवे असताना २ लाख मोडायला नकोत.

बी-३०२: मोडायची वेळ आलीच तर कुठली मोडायची? सगळ्यात जुनी ना?

ए-१०१: उलट, सगळ्यात नवी. नुकसान होतं ते चाललेल्या दिवसांवर. पावती ३ वर्षं चालली असेल तर कमी दर त्या तीनही वर्षांना लागतो. दोन महिन्यांपूर्वीची मोडली तर दोनच महिन्यांचं व्याज दुखावतं. दर उतरत असतील तर नव्या पावतीचा दरही सगळ्यात कमी, ती गेली तरी चालेल. दर चढत असतील तर मात्र नवीच जास्त दराची असते, मग कागदावर दोन्हींचा हिशेब मांडून बघावा.

अजून एक. वर्षाला पाच-सहा दिवस बाकी असताना मोडू नका. ३६० दिवस झाले तर बँकेच्या लेखी ती वर्षाच्या आतली, आणि दर खालचा लागतो.

खजिनदार: आणि दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल तर मोडूच नये. पावती तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे तात्पुरतं कर्ज, घ्यावा.

ए-१०१: अगदी. पावतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळतो, व्याज सहसा पावतीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. एक टक्का जास्त धरला तर दीड लाख दोन महिने वापरण्याचा जादा खर्च २५० रुपये, कारण पावतीवरचं व्याज चालूच राहतं. वरच्या २,२५० शी ताडून बघा. फक्त करबचतीच्या ५ वर्षांच्या एफडीवर हे चालत नाही. ती मोडताही येत नाही आणि तारणही ठेवता येत नाही. काउंटरवर ती गळ्यात मारली जात नाही ना, तेवढं बघा.

बी-१०३: रिन्यूअलला बँकेत जायची गरज नाही, आपोआप होतं. तेवढं तरी सोपं.

ए-१०१: भाऊ, शिडी मोडते ती तिथेच! ऑटो रिन्यूअल मूळ मुदतीलाच होतं. १ वर्षाची परत १ वर्षाला, २ ची परत २ ला. चौथ्या वर्षी बघा काय होतं: १ वाली, २ वाली आणि ४ वाली, तिन्ही एकाच दिवशी भरतात. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम त्या एका दिवसाच्या दराच्या हवाली. शिवाय ४४४ दिवसांसारखी योजना तोवर बंद झालेली असते, आणि पैसे त्या दिवशीच्या साध्या दरात जातात. म्हणून पावती काढतानाच लिहा: मुदत संपल्यावर रक्कम बचत खात्यात जमा करा. नेट बँकिंगवर काढत असाल तर तो पर्याय स्वतः निवडावा लागतो. मग आपण ठरवून ५ वर्षांची नवी काढायची.

खजिनदार: आणि काहीच लिहिलं नाही, रिन्यूही झाली नाही, तर भरलेल्या पावतीला पुढे बचत खात्याचा दर किंवा मूळ दर, यातला कमी तो मिळतो. महिनोन्‌महिने तशीच पडून राहिलेली पावती म्हणजे बँकेला भेट.

सी-२०४: काका, महिनाही बघायला सांगा. सगळ्या आज करायच्या म्हणजे आजच्या तारखेलाच भरणार. दर वर्षी खर्च लागतो तो चवथीला. प्रत्येक पावतीची मुदत दोन-तीन महिने वाढवून, म्हणजे पहिली १२ महिन्यांऐवजी १४ किंवा १५ महिन्यांची करून, तारीख जुलैत आणली की पुढच्या सगळ्या जुलैतच येतात.

ए-१०१: सुरेख. फक्त १५ महिन्यांचा दर कुठल्या गटात बसतो ते आधी बघा.

सी-२०४: आता बँका. ठेव विमा प्रत्येक बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत, आणि त्यात व्याज धरून. शाखा वेगळ्या असल्या तरी बँक एकच. बचत खात्यातली शिल्लकही त्यात मोजतात. सहकारी बँकांनाही हा विमा आहे, पतसंस्थांना नाही. म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द झाला, हे इथे कुणाला वेगळं सांगायला नको.

बी-३०२: म्हणजे एका बँकेत दोन पायऱ्या, ४ लाख, चालतील ना? पाचाच्या आत आहे.

सी-२०४: आज आहे. पण ४ आणि ५ वर्षांच्या दोन पुनर्गुंतवणुकीच्या पावत्या, म्हणजे व्याज मुद्दलातच जमत जाणाऱ्या, ६.५ ने एकाच बँकेत ठेवल्या तर चौथ्या वर्षाअखेर दोन्ही मिळून साधारण ५ लाख १७ हजार होतात. वरचे १७ हजार विम्याबाहेर. लांबची पायरी एका बँकेत एकच ठेवा, सोबत एखादी छोटी चालेल. किंवा एक सासऱ्यांच्या नावावर आणि एक सासूबाईंच्या, मग प्रत्येकाचे ५ लाख वेगळे.

बी-१०३: नावं वाटली की करही वाटला जातो, दुहेरी फायदा.

सी-२०४: गोव्यात नाही भाऊ. 🙂 इथल्या समाईक मालमत्तेच्या पद्धतीत लग्न झालेल्यांचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न नवरा-बायकोत तसंही निम्मं-निम्मं धरतात, १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ५अ. एफडी कुणाच्याही नावावर असो, व्याज अर्धं याचं, अर्धं तिचं. म्हणून नावं वाटायची ती विम्यासाठी. आणि असं उत्पन्न असेल तर आयटीआर-१ भरता येत नाही, शेड्यूल ५अ असलेला फॉर्म लागतो. टीडीएसची काळजी इथे नको. ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाला १ लाख व्याजापर्यंत कापत नाहीत, आणि यांचं एकूण व्याजच ६६ हजारांच्या आसपास आहे.

ए-१०१: संयुक्त नावाने काढणार असाल तर एक कागद विसरू नका. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं लिहिलं तरी ते मुदत भरल्यावर पैसे घेण्यापुरतं. मुदतीआधी मोडायची तर बँक दोघांच्याही सह्या मागू शकते, आणि एक जण गेला तर उरलेल्याला वारसांची संमती आणावी लागते. पावती काढतानाच दोघांनी मिळून लेखी द्यायचं की हयात व्यक्ती मुदतीआधी मोडू शकेल. अडीनडीला पैसे मिळावेत म्हणून शिडी बांधायची आणि हा कागद द्यायचा नाही, तर काय उपयोग?

बी-३०२: लिहून काढलं. पहिली बँक: १ आणि २ वर्षं, सासऱ्यांच्या नावे. दुसरी बँक: ३ वर्षं, सासऱ्यांच्या नावे. तिसरी बँक: ४ आणि ५, सासूबाईंच्या नावे. सगळ्या लाख-लाखाच्या दोन पावत्या. सगळीकडे रक्कम बचत खात्यात जमा.

सी-२०४: तिसरी बँक परत बघा वहिनी.

बी-३०२: अरे हो, ४ आणि ५ एकत्र. ५ वर्षांची दुसऱ्या बँकेत नेते, पण तीही सासूबाईंच्याच नावे.

ए-१०१: चालेल. आणि पाच वर्षांचा दर सोमवारी काउंटरवर विचारून मगच पक्कं करा.