मदत हवी आहे: पट्टा खऱ्या लेदरचा आहे का? फोटो बघून सांगा

मंडळी, बाबांसाठी लेदरचा म्हणून पट्टा घेतला. लांब झाला म्हणून टोक दोन इंच कापलं आणि तिथेच शंका आली. उजेड तिरका ठेवून मोबाईलने अगदी जवळून दोन फोटो काढलेत.

पहिल्यात वरचा पोत आहे. एक फाटे फुटलेली बारीक सुरकुती दर चार सेंटीमीटरवर जशीच्या तशी परत येते, रंध्रं कुठेच दिसत नाहीत. म्हणजे पोत छापलेला, इथवर मला कळतं. पण खऱ्या कातड्याचाही वरचा थर घासून त्यावर पोत छापतात, त्यामुळे एवढ्यावरून रेक्झिन म्हणवत नाही.

दुसऱ्यात कापलेली कड. वर प्लास्टिकची चकचकीत रेघ, खाली तपकिरी तंतू. विणलेल्या कापडाचे उभे-आडवे धागे नाहीत. नखाने उकरलं तर लांब तंतू निघण्याऐवजी भुसा पडतो (हे फोटोत येत नाही, म्हणून लिहितोय).

मग हे चामड्याचा चुरा चिकटवलेलं बाँडेड लेदर, की खालच्या थराचं स्प्लिट? ताज्या ब्लेडने पुन्हा कापून फोटो टाकू का? दुकानदार म्हणतो, 'जाळून बघा.' नव्या पट्ट्याला काडी लावायची माझी तयारी नाही!