मदत हवी आहे: शाळेतल्या दंत शिबिरानंतर मुलांची कीड ‘कमी’ झाली असं स्लाइडवर लिहू का?

अंतिमवर्ष_कोल्हापूर:
नमस्कार. मी बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. शुक्रवारी वर्गात दातांची कीड, फ्लोराइड आणि शाळा तपासणी यावर बोलायचं आहे. करवीर तालुक्यातल्या एका शाळेत आमच्या सीनियर्सनी तिसरीतली 40 मुलं तपासली होती. तेव्हा किडलेले, भरलेले आणि किडीमुळे काढलेले मिळून दुधाचे 160 दात निघाले. 31 मुलांच्या घरी चिठ्ठी दिली. आता तीच मुलं पाचवीत आहेत. आम्ही पुन्हा तपासलं तर 104 दात. ‘शिबिरामुळे 35 टक्के घट’ असं लिहायचं मनात आहे. शिवाय दातांवर लावायच्या फ्लोराइड वार्निशने 43 टक्के फायदा होतो असं वाचलंय, तो या मुलांना कसा लावून दाखवू?

दंतवैद्य_गडहिंग्लज:
आधी एक सांग, 31 मधली किती मुलं दवाखान्यात गेली?

अंतिमवर्ष_कोल्हापूर:
घरच्यांना विचारलं. फक्त 6.

दंतवैद्य_गडहिंग्लज:
मग ही घट आली कुठून? उपचार झालेच नाहीत. आणि झाले असते तरी भरलेला दात मोजणीत तसाच राहतो, आकडा खाली येत नाही. आठ ते दहा या वयात दुधाचे सुळे आणि दाढा पडायला लागतात. किडलेला दात पडला की तुमच्या तक्त्यातूनही गेला. शिबिर झालं नसतं तरी आकडा उतरलाच असता.
खरं बघायचं तर सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढा बघ. त्या पडत नाहीत. तिसरीतला तक्ता आणि आताचा, एकेक मूल, एकेक दाढ शेजारी ठेवून जुळव.

पाणीपुरवठा_निवृत्त:
एवढी खटपट कशाला? अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सला 1945 साली पाण्यात फ्लोराइड घातलं आणि मुलांची कीड उतरली. पोटात गेलं की दात आतूनच घट्ट होतात.

दंतवैद्य_गडहिंग्लज:
काका, कीड उतरली हे खरं. पण फ्लोराइडचं मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावर, लाळेत चालतं, म्हणून पेस्टचाही उपयोग होतो. फ्लोराइडची पेस्ट घरोघरी पोहोचल्यावर पाण्याचा वेगळा फायदा बराच आटला. 2024 च्या कॉक्रेन आढाव्यात 1975 नंतरच्या अभ्यासांतून तो एका मुलामागे साधारण पाव दात एवढाच निघाला, तोही खात्रीने नाही.

आई_शिरोळ:
माझ्या मुलीच्या पुढच्या दातांवर पांढरे डाग आहेत. आमचं बोअरचं पाणी. पेस्ट बंद करू का?

दंतवैद्य_गडहिंग्लज:
ताई, पेस्ट बंद करू नका. हिरडीलगत खडूसारखा डाग असेल तर ती कीड सुरू होत असू शकते, आणि दोन्ही बाजूंच्या दातांवर सारख्या पुसट रेघा असतील तर फ्लोराइड जास्त झाल्याची शंका घ्यायची. बोअरचं पाणी तपासून घ्या, लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको. डाग मात्र समोरून दाखवावेच लागतील.

अंतिमवर्ष_कोल्हापूर:
सर, रात्री बसून जुळवलं. 40 मुलांच्या प्रत्येकी चार, अशा 160 पहिल्या कायमच्या दाढांपैकी तिसरीत 22 किडलेल्या होत्या, आता 47. म्हणजे 25 नव्या! मी उलटंच लिहिणार होते. मग शिबिर फसलं असं लिहू?

दंतवैद्य_गडहिंग्लज:
तेही लिहू नकोस. ज्या मुलांची तपासणी झालीच नाही अशी शाळा तुझ्याकडे कुठे आहे? वायव्य इंग्लंडमध्ये तशी तुलना झाली, सुमारे 17,000 मुलं, निष्कर्ष 2006 साली आले. न तपासलेल्या शाळांच्या तुलनेत तपासलेल्या शाळांत ना कीड कमी झाली, ना दवाखान्यात जाणं वाढलं. तुझे 31 पैकी 6 त्याच्याशी जुळतात, एवढंच म्हण.
आता वार्निश. 43 टक्के म्हणजे नव्या किडीतली घट. तुझ्या 25 मधल्या साधारण 11 टळल्या असत्या आणि 14 झाल्याच असत्या. आधीच्या 22 ना काही फरक नाही. ज्या शाळेत दोन वर्षांत 4 च नव्या किडतात, तिथे तेच 43 टक्के म्हणजे दीड-दोन दाढा. शिवाय तो आकडा दातांच्या पृष्ठभागांचा, तू दाढा मोजल्यास, म्हणून ‘अंदाजे’ लिहायला विसरू नकोस.

अंतिमवर्ष_कोल्हापूर:
आणि या 47 वर तरी भरवसा ठेवू का? आम्ही आरसा आणि बॅटरीवर तपासलं.

दंतवैद्य_गडहिंग्लज:
दोन दाढांच्या फटीतली कीड एक्स-रेशिवाय बरीचशी निसटते, खड्डा पडण्याआधीचा डागही. म्हणजे खरा आकडा 47 पेक्षा जास्तच असणार. दोन्ही वेळी तपासणारे हात वेगळे होते, तो फरक किती हे आता काढता येणार नाही.

शाळामास्तर_राधानगरी:
आमच्याकडे चिठ्ठ्या जातात, पण तालुक्याला जायचं म्हणजे आई-बापाचा एका दिवसाचा रोजगार बुडतो. वार्निश वर्गातच लावता येतं का? आणि सहा महिन्यांनी ते पुन्हा लावायला कोण येणार?

दंतवैद्य_गडहिंग्लज:
वर्गात लावता येतं, खुर्ची-मशीन काही लागत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, मास्तर. पोरी, तो प्रश्न तसाच स्लाइडवर घे.