उत्तर: बोलल्यासारखा निबंध १२० शब्दांत बसवताना

> "मुलगी पावसावर छान बोलते, पण तसंच लिहिते. २०० शब्द होतात, परिच्छेद एकही नाही. काय कापू?"

आधी काही कापू नका, वाक्यं जोडा. शब्द वाढतात ते 'मग', 'ना', 'म्हणाली की' यांनी. माझ्या भाच्याने लिहिलं होतं: "मग ना, आजी म्हणाली की छत्री घे, तर मी घेतलीच नाही, आणि मग एवढा पाऊस आला ना, की सगळं दप्तरच भिजलं." हे २१ शब्द. त्याचं झालं: "आजीने बजावूनही मी छत्री घेतली नाही आणि वाटेत दप्तर चिंब भिजले." ११ शब्द, आणि आजीही राहिली! कथनात 'भिजलं'चं 'भिजले' करायचं, पण अवतरणचिन्हातलं बोलणं बोलीतच ठेवायचं. ते शुद्धलेखनाच्या नियमांतही बसतं.

मग परिच्छेद. बोलताना मुलं सकाळी उठण्यापासून सुरुवात करतात आणि खरा प्रसंग मधेच कुठेतरी सापडतो. त्याच्या निबंधात ते वाक्य होतं, "वहीतली शाई पसरून नकाशासारखी दिसत होती." तेच पहिलं घेतलं, प्रस्तावना २५ शब्दांत झाली. पुढचे दोन परिच्छेद पस्तीसेक शब्दांचे, एक वाटेतला, एक वर्गातला. जागा बदलली की परिच्छेद बदल, एवढंच त्याला सांगितलं. उरलेल्या २५ शब्दांत शेवट: आजी चुलीपाशी वहीची पानं वाळवते आहे. "असा हा पावसाळा मला खूप आवडतो" हे वाक्य मात्र मी खोडायला लावलं, कारण ते कुठल्याही निबंधाला चिकटतं.